विसरलेल्या रॉक अल्बमवर मराठीत मालिका: हे पत्र संपादकांना पाठवू का?

फ्रीलान्स_दादर (धागाकर्ता)

एका मराठी रविवार पुरवणीच्या संपादकांना हे पाठवायचं आहे:

"संपादक महोदय, मुंबईशी नातं असलेल्या विसरलेल्या रॉक अल्बमवर आठ लेखांची मालिका लिहू इच्छितो. सुरुवात अॅटॉमिक फॉरेस्टच्या १९७७ सालच्या 'ऑब्सेशन ७७'पासून. पुढे सिमला बीट स्पर्धेच्या १९७० आणि १९७१च्या एलपी, रॉक मशीनचा १९८८चा 'रॉक अँड रोल रेनेगेड' वगैरे. प्रत्येक लेख बाराशे शब्दांचा."

मराठी वाचक हे वाचेल का? बिनधास्त फाडा.

गिरगावचा_रविवार

नाही वाचणार. ही सगळी कुलाबा, कफ परेड आणि झेवियर्सची गोष्ट. इंग्रजी शाळेतली मुलं डीप पर्पल आणि हेंड्रिक्सची गाणी जशीच्या तशी वाजवायची आणि त्यांचेच मित्र समोर बसून टाळ्या पिटायचे. मराठी माणूस तेव्हा शिवाजी मंदिरात नाटकाला बसला होता. आधी माहीत असावं लागतं, मग विसरता येतं. जे कानावर कधी पडलंच नाही त्याची आठवण कसली काढता?

तबकडीवाला

वाचक वाचेल की नाही ते नंतर बघू. पहिल्याच वाक्यात साल अडतंय. 'ऑब्सेशन ७७'च्या नावात ७७ आहे, पण ती तबकडी बाजारात आली ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला. तोवर बँड फुटला होता. मुखपृष्ठावरचा आकडा उचलून "१९७७ सालचा अल्बम" असं छापलंत, तर पहिल्या रविवारीच एखादा संग्राहक पत्र लिहील.

आणि ही नुसती चूक नाही, तुमची खरी बातमी तिथेच आहे. वाजवणारे पांगल्यावर त्यांची तबकडी निघाली. मग ती विकायला स्टेजवर कोण उभं राहणार? हा अल्बम विसरला का गेला, याचं निम्मं उत्तर यात आहे. पत्राची सुरुवात इथून करा.

बाकीच्या तबकड्यांची सालंही आधी तपासून घ्या. लेबलवर गोलातला 'पी' आणि त्यापुढे साल असेल तर उत्तम, नसेल तर कॅटलॉग नंबर घ्या. त्याच कंपनीच्या त्याच मालिकेत आगेमागे कोणत्या तबकड्या आहेत ते बघा. त्यात एखाद्या सिनेमाची तबकडी सापडली तर काम सोपं होतं, कारण सिनेमा कधी लागला ते कळतं. पण एवढ्यावर निश्चिंत राहू नका. नंबर आधी ठरायचा आणि तबकडी कधीकधी रखडायची, म्हणून नंबरावरून अंदाज बांधता येतो, तारीख मिळत नाही. कंपनीचं नावही उपयोगी पडतं. पॉलिडोर ऑफ इंडिया पुढे म्युझिक इंडिया झाली, तेव्हा लेबलवर 'म्युझिक इंडिया' दिसलं की ती प्रत नंतरची.

शेवटची गोष्ट म्हणजे तबकडी तिरपी धरून लेबलाभोवतीच्या गुळगुळीत पट्टीवर कोरलेला नंबर वाचा. तो लेबलशी जुळायला हवा. चोर बाजारात एकीचं कव्हर दुसरीला चढवलेलं मी डझनभर वेळा पाहिलंय.

पडद्यामागे

@गिरगावचा_रविवार, टाळ्या कोण पिटायचे याबद्दल तुमचं बरंचसं खरं आहे. पण मराठी माणूस तिथे नव्हताच म्हणता, तर नंदू भेंडे कोण होते? आत्माराम आणि आशा भेंड्यांचा मुलगा. व्हेल्वेट फॉग या बँडमध्ये गायला, अलिक पदमसींच्या 'जीझस ख्राइस्ट सुपरस्टार'मध्ये ज्यूडास झाला आणि १९७८मध्ये पुलंच्या 'तीन पैशाचा तमाशा'त तोच रॉकचा गळा घेऊन मराठी प्रेक्षकांसमोर उभा राहिला. नाटकाला बसलेल्या तुमच्या माणसाच्या कानावर हे पडलंय, फक्त त्याला कुणी रॉक म्हणालं नाही. मालिका तिथूनच सुरू व्हावी असं माझं मत.

गिरगावचा_रविवार

भेंडे मान्य. पण 'तमाशा' हा रॉक अल्बम नाही, नाटक आहे. धागाकर्त्याने अल्बम म्हटलंय. एका माणसाच्या खांद्यावर आठ रविवार कसे काढणार? आणि आपलं काय, तर चाल दुसऱ्याची, शब्द दुसऱ्याचे. त्यावर बाराशे शब्द?

तबकडीवाला

रॉक मशीनला हे लागू नाही, त्यांनी स्वतःची गाणी केली. सिमला बीटच्या एलपींवर दोन्ही सापडतं, उसनं आणि स्वतःचं. मात्र त्या एलपींबद्दल पत्रात खुलासा हवा. तो एका बँडचा अल्बम नाही. सिगारेट कंपनीने भरवलेल्या स्पर्धेतल्या बँडांचं ते संकलन, आणि बँड देशभरातले. फेन्टोन्स शिलाँगचे, कन्फ्यूजन्स मद्रासचे. "मुंबईशी नातं" या तुमच्या चौकटीत ते ओढूनताणून बसतं.

साठीतला_श्रोता

माझ्या वडिलांची एक इंग्रजी गाण्यांची जुनी एलपी माळ्यावर सापडली आहे. कव्हर फाटलंय. अशा तबकड्यांना हजारो रुपये मिळतात असं ऐकलं. र्‍हिदम हाऊस तर बंद झालं, आता कुठे विकू?

तबकडीवाला

काका, धागा त्याबद्दल नाही. पण विकण्याआधी पट्टीवरचा नंबर वाचून इथे टाका. आणि कापडाने कोरडी पुसू नका, धूळ खाचेत घासली जाते.

उपसंपादक_निवृत्त

मी पुरवणीचं काम बरीच वर्षं केलं, त्यामुळे टेबलापलीकडून सांगते. आठ लेखांचं आश्वासन पाहून संपादक घाबरतो, कारण तिसऱ्या आठवड्यात लेखक गायब होतो. चार सुचवा आणि त्यातला एक पूर्ण लिहून पत्राला जोडा. यादीने कुणाचं मन वळत नाही.

दुसरं, वाचक ऐकणार कुठे, हे पत्रात नाही. 'ऑब्सेशन'चं २०११मध्ये अमेरिकेतल्या नाऊ-अगेन या कंपनीने पुनर्प्रकाशन केलं, त्यामुळे तो रीतसर ऐकता येतो. मात्र तुमच्या प्रतीवरून गाणं रेकॉर्ड करून पुरवणीच्या साइटवर चढवू नका. आपल्याकडे ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो. म्हणजे १९७०ची एलपीसुद्धा २०३० संपेपर्यंत मोकळी नाही. समीक्षेसाठी छोटा तुकडा घेण्याला कायद्यात जागा आहे, अख्खं गाणं म्हणजे समीक्षा नव्हे. असे प्रश्न कायदेविभागाकडून आले की मालिका महिनोन्‌महिने लटकते, म्हणून आधीच लिहून टाका.

गिरगावचा_रविवार

बघा! अमेरिकेतल्या कंपनीने शोधून काढला, संग्राहक त्यासाठी पैसे मोजतात. मग विसरला कुठे? तुम्ही विसरलात म्हणून सगळं जग विसरलं होय?

फ्रीलान्स_दादर

संग्राहकांना ठाऊक असणं आणि शहराला ठाऊक असणं यात फरक आहे. दादर स्टेशनवर दहा जणांना अॅटॉमिक फॉरेस्ट विचारा. मराठीत यावर सलग लेखन मला सापडलेलं नाही, तेवढं कारण मला पुरेसं आहे. सिमला बीट काढतो, तिथे चौकट खरंच ताणली जाते. नमुन्यादाखल 'ऑब्सेशन'चाच लेख जोडतो, बँड फुटल्यानंतरच्या प्रकाशनापासून सुरू करून. नंदू भेंड्यांवर स्वतंत्र लेख होईल, पण मालिकेच्या बाहेर. आठचे चार मात्र करणार नाही. सहा.

उपसंपादक_निवृत्त

सहा लिहिलंत तरी ते चारच छापतील. आणि रॉक मशीन कशाला? त्यांचंच पुढे इंडस क्रीड झालं, २०१२मध्ये नवा अल्बमही आला. त्यांना विसरलेले म्हटलंत तर तेच फोन करतील.

पडद्यामागे

फोन आला तर मुलाखत घ्या, दुसरा लेख आयता मिळाला.

साठीतला_श्रोता

पट्टीवर काहीतरी कोरलंय, चष्म्यानेही नीट दिसत नाही. लेबलवर म्युझिक इंडिया आहे. साल कुठेच नाही.

तबकडीवाला

मोबाइलचा टॉर्च एका बाजूने आडवा धरा आणि फोटो काढून टाका. आणि बँडचं नाव काय आहे ते सांगा ना, काका!