मदत हवी आहे: पोलीस वाढले की गुन्हे वाढतात?

आकडेमोडी: प्रकल्पासाठी एका शहरातल्या 60 प्रभागांची एका वर्षाची आकडेवारी घेऊन रिग्रेशन केलं. दारूची दुकानं जास्त तिथे मारामाऱ्या जास्त, असं निघालं. सर खूश. पण त्याच तक्त्यात पोलीस जास्त तिथेही मारामाऱ्या जास्त! पहिलं छापायचं आणि दुसरं झाकायचं, हे पटत नाही. काय चुकतंय?

रानवारा: गरिबी धरली नसेल. ती घाला, दोन्ही आकडे उतरतील.

आकडेमोडी: घातली. दुकानांचा आकडा निम्म्यावर आला, पोलिसांचा ढिम्म.

तळटीप: तो हलणार नाहीच. जिथे मारामाऱ्या होतात तिथेच पोलीस धाडले जातात, म्हणजे बाण उलटा आहे. गरिबी घालून बाणाची दिशा बदलत नाही. यासाठी पोलीस गुन्ह्यांशी संबंध नसलेल्या कारणाने वाढले, अशी जागा शोधावी लागते. ब्यूनोस आयर्समध्ये 18 जुलै 1994 रोजी ज्यू केंद्रावर बॉम्बहल्ला झाला. मग शहरभरच्या ज्यू आणि मुस्लिम संस्थांबाहेर चोवीस तास पहारा बसला. या संस्था कुठे आहेत हे काही गाड्यांच्या चोऱ्या पाहून ठरलं नव्हतं. पहारा असलेल्या चौकांत गाड्यांच्या चोऱ्या सुमारे 75 टक्क्यांनी घटल्या. एक-दोन चौक पलीकडे मात्र जवळपास काहीच फरक नाही. तुमच्या प्रभागाच्या सरासरीत हा परिणाम दिसलाही नसता.

पायवाट: आमच्याकडे चौकी झाली आणि गुन्हे दुप्पट झाले. चौकीच बंद करा म्हणतो मी.

तळटीप: गुन्हे दुप्पट झाले की नोंदी? पूर्वी तक्रारीला लांब जावं लागत असेल, तर आता जवळ चौकी आहे म्हणून लोक जातात.

पायवाट: ते कसं कळणार?

तळटीप: रुग्णालयात आलेल्या जखमींची संख्या तेवढीच राहिली असेल, तर वाढ कागदावरची.

आकडेमोडी: आणि दुकानं? गरिबी घालूनही निम्मा आकडा उरलाय. तो दारूचा म्हणू?

तळटीप: घाई नको. दुकान उघडतं ते भाडं परवडेल, शेजारी विरोध करणार नाहीत आणि रात्री वर्दळ असेल अशा जागी. वर्दळीच्या प्रभागात राहणारे थोडे, येणारे हजारो. तुम्ही दर हजार रहिवाशांमागे मारामाऱ्या मोजल्या असतील तर दर फुगणारच. परवाने कधी सुरू झाले, कधी संपले, त्या तारखा मिळतील का? एकाच प्रभागाची आधीची-नंतरची तुलना करता येईल.

रानवारा: हे बरंय. दुकान बंद झालं, मारामाऱ्या घटल्या, की झालं सिद्ध.

आकडेमोडी: तारखा आहेत. पण बरेच परवाने भांडणं फार वाढल्यावरच रद्द झालेत.

तळटीप: मग ते वगळा. सगळ्यात वाईट वर्षानंतरचं वर्ष दुकान असो-नसो, बहुधा बरंच निघतं. मालकाने स्वतःहून, म्हातारपणामुळे वगैरे बंद केलेली किती?

आकडेमोडी: चार.

तळटीप: चारावर मी तरी काही बोलणार नाही.

आकडेमोडी: सरांना काय सांगू?