विषय: तिळगूळ स्पॅनिशमध्ये कसा समजावायचा?

मृणाल, ह्यूस्टन

नमस्कार मंडळी,

लॅबमध्ये माझ्या शिफ्टला तिघी मेक्सिकोच्या आहेत आणि एक कोलंबियाची. गेल्या संक्रांतीला लाडू नेले आणि "सेमीयास कोन आसूकार", म्हणजे बिया आणि साखर, एवढंच सांगितलं. पक्ष्यांचं खाणं हातात ठेवल्यासारखं त्यांनी एकेक उचललं. त्यात माझी काळी साडी. एकीने मिठी मारून हळूच विचारलं, घरी कोण गेलं? यंदा नीट सांगायचं आहे. व्याकरण नको, तोंडात बसतील अशी चार वाक्यं द्या.

सुहास

सोपं आहे. गुळाला "आसूकार मोरेना" म्हणा. आणि राशी त्यांनाही माहीत असतात, तेव्हा "एल सोल एन्त्रा एन काप्रिकोर्नियो", सूर्य मकरेत जातो. झालं काम.

नीलाकाकू

मृणाल, मी मेक्सिकोतल्या मॉन्टेरेत अकरा वर्षं काढली, म्हणून बोलते. सुहास, "आसूकार मोरेना" म्हटलंस तर त्यांच्या डोळ्यांपुढे दाणेदार तपकिरी साखर येते. गूळ त्यांच्याकडे आहेच की! उसाचा रस आटवून शंकूसारख्या साच्यात ओततात, तो "पिलोन्सियो". कोलंबियात त्यालाच "पानेला" म्हणतात. तीळ म्हणजे "आहोन्होली", जोर शेवटच्या "ली"वर. "सेसामो" म्हटलं तरी कळतं, पण आहोन्होली त्यांच्या मोले नावाच्या घट्ट मसालेदार रश्श्यात असतो, तो घरचा शब्द.

मकरेचं सांगशील तर फसशील. त्यांच्या पत्रिकेत सूर्य 21-22 डिसेंबरलाच मकरेत जातो, लगेच विचारतील की जानेवारीत कसा? आपण तारे बघून मोजतो, ते ऋतूवरून, म्हणून आता सुमारे 24 दिवसांचा फरक पडतो. ते डब्यापाशी उभं राहून सांगायचं नाही. सुरुवात अशी कर:

"ओई एस ऊना फिएस्ता दे मी तिएर्रा. से यामा संक्रांती." आज माझ्या गावाकडचा सण आहे, त्याला संक्रांत म्हणतात.

मग लाडू पुढे करून: "तोमा तू दुल्से दे आहोन्होली, ई आब्लामे बोनीतो." तीळगूळ घे, माझ्याशी गोड बोल. "गोड बोल"चं शब्दशः "आब्ला दुल्से" केलंस तर ऐकायला विचित्र लागतं. "आब्लामे बोनीतो" मेक्सिकोत सहज म्हणतात. वयाने मोठी असेल तिला "तोमे सू दुल्से, ई आब्लेमे बोनीतो", आपलं घे आणि घ्या असतं ना, तसंच.

शेवटी: "सी एल आन्यो पासादो नोस पेलेआमोस, या पासो." गेल्या वर्षी भांडलो असू तर ते संपलं. हे कळलं की लाडवाचा अर्थ उमगतो, बाकी सगळं नंतर. "आन्यो"तला "न्य" मात्र स्पष्ट म्हण. नुसतं "आनो" म्हटलंस तर शरीराच्या नको त्या जागेचं नाव होतं. मी एकदा भर बैठकीत म्हटलंय.

काळ्या साडीला उत्तर: "एस के आसे फ्रीओ, ई एल नेग्रो ग्वार्दा एल कालोर." थंडी आहे, काळं ऊब धरतं. त्यांच्याकडे काळं म्हणजे सुतक, त्यामुळे हे त्यांनी विचारायच्या आत सांग.

प्रसाद

पिलोन्सियोचा विषय निघालाच आहे तर विचारतो. मी मागे त्याचेच लाडू केले, दगड झाले. वाटीभर तीळ, पाऊण वाटी किसलेला पिलोन्सियो, अर्धी वाटी दाण्याचं कूट. प्रमाण चुकलं का?

नीलाकाकू

प्रमाण बरोबर आहे, पाक पुढे गेला. थेंब गार पाण्यात टाकून बघ. मऊ गोळी झाली की लगेच उतरव. कट् आवाज करून मोडला तर तो चिक्कीचा पाक, लाडू वळायचे नाहीत.

आणि मृणाल, दाण्यावरून आठवलं. आधी हे विचार: "आल्ग्येन एस आलेर्हीको आल आहोन्होली ओ आल काकावाते?" कुणाला तिळाची किंवा शेंगदाण्याची अॅलर्जी आहे का? अमेरिकेत 2023 पासून पाकिटावर तीळ अॅलर्जीच्या यादीत छापणं बंधनकारक आहे, घरच्या डब्याला लेबल नसतं. कोलंबियाच्या बाईला "काकावाते"ऐवजी "मानी" म्हण.

सुहास

मकर मागे घेतो. उत्तरायण तरी सांगू दे.

नीलाकाकू

दिवस मोठा व्हायला लागतो तोही डिसेंबरातच, सुहास.

मृणाल

आज सगळं झालं. अॅलर्जीचं आधी विचारलं. मेक्सिकोच्या एकीला तीळ चालत नाही, तिच्यासाठी नुसता पिलोन्सियोचा खडा ठेवला होता. कोलंबियाची मात्र चावता चावता म्हणाली, हा पानेलाच, पिलोन्सियो नव्हे! त्यावर दोघींचं जोरात जुंपलं, तीळगूळ हातात असताना.

काकू, मग एकीने विचारलं, हे गोड बोलणं सुपरवायझरशीही करायचं का? त्याला मला उत्तर सुचलं नाही, ना स्पॅनिशमध्ये ना मराठीत.