मदत हवी आहे: लिहिलेल्या सीनवरून एआयचा व्हिडिओ नीट येत नाहीये

डिचोलीकर: जत्रेच्या नाटकाआधी पडद्यावर दाखवायला छोटा व्हिडिओ हवाय. सीन असा: आजोबा देवळाच्या अंगणात येतात, दीपस्तंभावर पणती लावतात, नातू धावत येतो, ते त्याच्या हातात काडेपेटी देतात, मागे पाच जण घुमट वाजवतायत, आजोबांचे डोळे भरतात. बारा वेळा केलं. नातू मधेच दोन होतात आणि दीपस्तंभाच्या जागी तामिळनाडूसारखं गोपुर! आठ दिवस राहिलेत, लवकर सांगा.

सावईकर: क्लिप किती सेकंदांची? फोटो दिला होता की नुसतं लिहिलं?

डिचोलीकर: आठ सेकंद. नुसतं लिहिलं.

म्हापशेकर: अजून डिटेल लिही, धोतराचा रंग, वेळ, उजेड सगळं. मी लांबलचक लिहितो, मस्त येतं.

सावईकर: रंग-उजेड लिहायला हरकत नाही, पण त्याने सहा घटना आठ सेकंदांत कशा बसतील? एआय तुझा सीन ओळीने वाचून एकामागून एक करत नाही, सगळ्या फ्रेम एकत्रच घडत जातात, म्हणून जास्त घटना दिल्या की एकमेकांत मिसळतात. तुझे दोन नातू तिथूनच आले. एका क्लिपमध्ये एकच हालचाल ठेव. दीपस्तंभाचा खरा फोटो काढ, तोच पहिली फ्रेम म्हणून दे, आणि कॅमेरा हळूच पुढे जातो एवढंच लिही. बाजूने फिरवलास तर फोटोत नसलेली भिंत ते मनाने बनवणार, तिथे परत गोपुर येईल.

फोंड्याची काकी: अरे आमच्याकडे लग्नाला ड्रोनवाला आला होता, देऊळ वरून इतकं सुंदर आलं! त्यालाच बोलव.

डिचोलीकर: काकी, ड्रोन नकोय. दादा, पणती पेटताना दाखवायचीच आहे. वात काडी टेकायच्या आधीच पेटते.

सावईकर: हातात हात आणि वस्तू देणं-घेणं, तिथे हमखास चुकतं, बोटं काडेपेटीत मिसळतात. काडी वातीजवळ येते तिथे तोड, पुढचा शॉट पेटलेल्या पणतीचा. काडेपेटी नातवाच्या हातात आधीच असू दे.

म्हापशेकर: शेवटची फ्रेम उचलून त्यावरून पुढची क्लिप कर, सलग दोन मिनिटं होतात.

सावईकर: होतात, पण तिसऱ्या-चौथ्या क्लिपला आजोबांचा चेहरा बदलतो, रंगही भडक होत जातात. प्रत्येक वेळी मूळ फोटोवरूनच सुरू कर.

म्हापशेकर: माझा तर नाही बदलला.

सावईकर: तुझ्या व्हिडिओत माणूस होता की नुसता समुद्र?

डिचोलीकर: दोन दिवसांनी सांगतोय. दीपस्तंभ आणि पणती एकदम आपल्या देवळातली आली, आई बघून खूश. आजोबांचे डोळे पाचव्या खेपेला भरले. घुमटाचं मात्र जमत नाही. कधी ढोलकी होते, कधी मडकं, आणि हात वाजवतायत एक, आवाज भलताच. फोटो दिला तरी तिसऱ्या सेकंदाला घुमटाचं चामडं दोन्ही तोंडांना येतं.

सावईकर: ते मलाही नाही जमलेलं. गावातले वाजवणारे आहेत ना? मोबाइल आडवा धरून दहा सेकंद शूट कर, आवाज त्यांचाच घे.

डिचोलीकर: आज रात्री तालमीला येतायत, करतो. पण पणतीच्या शॉटपेक्षा तो वेगळा दिसेल त्याचं काय?