मदत हवी आहे: 7.1 मेगाहर्ट्झ, बाल्कनीतली तार, एसडब्ल्यूआर 4 च्या खाली येत नाही

खाडीकिनारा: घोडबंदर रोडला 14 व्या मजल्यावर राहतो. सोसायटी गच्चीवर काही लावू देत नाही, म्हणून बाल्कनीतून साधारण 8 मीटर तार बाहेर काढली आहे आणि अर्थसाठी ग्रिलला जोडलंय. नॅनोव्हीएनए तारेच्या मुळाशी 10 − j200 दाखवतो. सेट घरी जोडलेला, 10 वॉटचा. तारेच्या सिरीजमध्ये कॉइल घातली आणि जुन्या रेडिओतला गँग, दोन्ही सेक्शन जोडून, तारेपासून ग्रिलला लावला. गँग पूर्ण उघडला तर एसडब्ल्यूआर कसाबसा 4, मिटत गेलो की वाढतच जातो, मग कॉइलचे कितीही वेढे बदला. काय चुकतंय?

सोल्डर_सम्राट: एवढा जीव कशाला काढतोस? सेटचा स्वतःचा इम्पीडन्स 50 असतो, त्यामुळे मॅच जमला तरी निम्मी पॉवर सेटमध्येच जळते. 5 वॉटच्या वर अपेक्षा ठेवू नकोस.

वाशीकर काका: सम्राट, हे सिग्नल जनरेटरला लागू पडतं, पॉवर अँप्लिफायरला नाही. सेटवर लिहिलेले 50 म्हणजे ‘मला 50 ओहमचा लोड द्या, मी 10 वॉट देतो’ एवढंच. तसं असतं तर कुठलाच अँप 50 टक्क्यांच्या वर एफिशियन्सी देऊ शकला नसता.

खाडीकिनारा, तुमचा गँग चुकीच्या टोकाला आहे. 10 ओहमला समांतर कंडेन्सर घातलात की तो तारेचा रेझिस्टन्स आणखी खाली ओढतो. तुम्हाला तर 10 चे 50 करायचेत, म्हणून मिटवाल तसं बिघडतंय.

आता सेटकडून बघा. 50 ओहमला 25 ओहम रिअॅक्टन्सचा कंडेन्सर समांतर लावला, तर पलीकडून ते 10 − j20 दिसतं. गणित स्वतः करून बघा, जमतं. म्हणजे 10 ला 10 भेटले. उरले कंडेन्सरचे −20 आणि तारेचे −200, ते दोन्ही मिळून 220 कॉइलने खोडायचे. 7.1 ला 220 ओहम म्हणजे 4.9 मायक्रोहेन्री, आणि 25 ओहम म्हणजे जवळपास 900 पिकोफॅराड. गँग सेटच्या बाजूला, कॉइल पुढे तारेकडे.

एक गोष्ट सांभाळा. 10 वॉट 10 ओहममध्ये म्हणजे तारेत 1 अँपिअर, आणि कॉइलवर 220 व्होल्ट. चालू असताना वेढ्यांना बोट लावू नका.

ऐरोली_22: काका, आमच्या सोसायटीच्या गेटचा रिमोट गाडी अगदी जवळ नेल्याशिवाय चालत नाही. त्यालाही असंच गँग-कॉइल लावलं तर?

वाशीकर काका: त्याची फ्रिक्वेन्सी बहुतेक 433 मेगाहर्ट्झ असेल, तिथे हा गँग नुसता पत्र्याचा तुकडा. आधी रिमोटचा सेल बदला.

खाडीकिनारा: गँग इकडे आणला, एसडब्ल्यूआर थेट 1.1! पण डिप 900 ला नाही आला. गँग काढून मीटरवर मोजला तर 620. आणि दोन मिनिटं सीडब्ल्यू दिलं की कॉइलचा कोअर हाताला चांगलाच चटका देतो.

सोल्डर_सम्राट: 1.1 आला ना? मग पॉवर सगळी अँटेनात. गरम होतंच थोडं.

वाशीकर काका: मीटरला फक्त एवढंच कळतं की पुढे 50 ओहम आहेत. ते तार आहेत की शेगडी, हे त्याला कळत नाही. 620 हा आकडाच सांगतोय. त्याचा रिअॅक्टन्स 36 ओहम, आणि त्यावर मॅच जमतो तो 10 शी नाही, 17 शी. वरचे 7 ओहम कॉइलचे. म्हणजे 10 पैकी 4 वॉट कोअर तापवण्यात जातात, तारेत 6 पोचतात. कोअर कुठला?

खाडीकिनारा: जुन्या पीसीच्या एसएमपीएसमधला, पिवळा-पांढरा.

वाशीकर काका: वाटलंच. तो सप्लायच्या रिपल फिल्टरसाठी असतो, 7 मेगाहर्ट्झला नुसता तापतो. T130-2 घ्या, लाल रंगाचा, जाड एनॅमल तारेने 21 वेढे. एकदोन कमी-जास्त करावे लागतील. गँग 800 च्या आसपास बसला तर कॉइल ठीक समजा. डिप मात्र अरुंद होईल, बँडमध्ये थोडं सरकलात की परत फिरवावं लागेल.

खाडीकिनारा: मागवतो. पण तारेचे ते 10 ओहम तरी खरेच अँटेनाचे आहेत का? ग्रिल गंजलेलं आहे.

वाशीकर काका: त्यातले काही ग्रिलचे आणि भिंतीचे असणारच. ग्रिलऐवजी 10 मीटर वायर बाल्कनीच्या कडेने पसरून परत मोजा. 10 चे 6 झाले तर 4 ओहम ग्रिल खात होतं असं मी म्हणेन.

सोल्डर_सम्राट: ती वायरही अँटेनाचाच भाग होते ना काका, रेडिएशन रेझिस्टन्स तोच राहील कशावरून?

वाशीकर काका: नाही राहणार, ते मान्य. पण लांबच्या एखाद्याला ऐकवून तुलना करण्याशिवाय दुसरा उपाय मला तरी माहीत नाही.