नंबरप्लेट नुसती धूसर करू नका

> इंदूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीतल्या फोटोत स्कूटरची नंबरप्लेट ब्लर केलीय. पुरे ना?

हलका ब्लर असेल तर नाही. इंदूरची गाडी म्हटली की ‘एमपी ०९’ बहुधा ठरलेलंच. उरतात दोन अक्षरं नि चार आकडे. नव्या प्लेटवर अक्षरांचा साचाही एकच, त्यामुळे शक्य ते नंबर तसेच धूसर करून ताडून पाहता येतात. त्यापेक्षा प्लेटवर सपाट रंगाचा चौकोन ठेवा, अपारदर्शकता १०० टक्के. फोनमधला हायलायटर नको, तो पारदर्शक असतो. ब्राइटनेस-कॉन्ट्रास्ट वाढवला की खालचे आकडे डोकावतात. पाठवण्याआधी स्वतःच तसं वाढवून बघा. दारावरच्या पाटीचंही तेच, पण फोटोच्या फाइलमध्ये लोकेशन राहिलं तर पाटी झाकून काय उपयोग? तेही काढा.