आंतरराष्ट्रीय कुरिअरमध्ये मायक्रोस्कोपची मोडतोड: दाव्याचं पत्र तपासून हवं आहे

काचपट्टी:
परदेशातल्या एका विक्रेत्याकडून वापरलेला मायक्रोस्कोप घेतला. तो विमानाने, एका कुरिअर कंपनीमार्फत, दोन खोक्यांत आला. मोठ्या खोक्यात बूड आणि उभा दांडा, वजन ९ किलो. लहान खोक्यात बायनॉक्युलर हेड, आयपीस आणि ऑब्जेक्टिव्ह, वजन ३ किलो. दोन्ही एकाच एअरवे बिलावर, म्हणजे विमानाने पाठवलेल्या मालाच्या एकाच वाहतूक-पावतीवर आहेत. मार लागलाय तो लहान खोक्याला.

खोक्याचा एक कोपरा आत दबलेला आहे. वरच्या फटीवर मूळ तपकिरी टेप आहे आणि तिच्यावर दुसऱ्याच प्रकारची पांढरी पट्टी चिकटवलेली आहे, म्हणजे वाटेत कुणीतरी खोकं उघडून पुन्हा बंद केलंय. उघडण्याआधी सहाही बाजूंचे फोटो काढले, उघडताना व्हिडिओ घेतला. सगळ्यात शक्तिशाली ऑब्जेक्टिव्हचं टोक स्प्रिंगवर आत-बाहेर व्हायला हवं, ते आत अडकून बसलंय आणि काचेला कडेला टवका गेलाय. हेडमधला प्रिझम हलला आहे. दोन्ही डोळ्यांनी पाहिलं की एकाच पेशीच्या दोन पेशी दिसतात, एक दुसरीच्या जरा वर.

कंपनीने दोन गोष्टी कळवल्या. एक, तक्रार पाठवणाऱ्यानेच करायची. दोन, भरपाई फक्त लहान खोक्याच्या वजनावर, म्हणजे ७८ एसडीआर. एसडीआर म्हणजे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशोबाचं एकक. आकडे सगळे त्यातच देते, म्हणजे चलनाचा घोळ नको. मायक्रोस्कोपची बिलातली किंमत ५२० आहे, कुरिअरचं भाडं ११०. मी मागायचं ठरवलंय: ५२० किंमत, ११० भाडं आणि मनस्तापाचे वेगळे. पार्सल गेल्या आठवड्यात मिळालं. पत्र कसं लिहावं आणि एवढं मागता येईल का?

घाईत_नाही:
डिलिव्हरी घेताना फोनच्या पडद्यावर सही केली असेल तर विषय संपला. "माल चांगल्या स्थितीत मिळाला" असंच त्या सहीखाली छापलेलं असतं. आणि खोकं ट्रकमधून उतरवताना आपटलं असणार, त्यामुळे विमानाचे नियम तुम्हाला लागूच होत नाहीत.

ओझेवाला:
मालवाहतुकीच्या दाव्यांवर बरीच वर्षं काम केलंय, म्हणून सविस्तर लिहितो. घाईत_नाही, सहीबद्दल तुमचं अर्धं बरोबर आहे. आंतरराष्ट्रीय विमानवाहतुकीच्या १९९९ च्या मॉन्ट्रियल करारात तक्रार न करता माल घेतला तर तो चांगल्या स्थितीत मिळाला असं गृहीत धरतात, पण ते फक्त गृहीतक आहे आणि पुराव्याने ते मोडता येतं. हक्क खरा जातो तो मुदत चुकली तर. माल हाती आल्यापासून १४ दिवसांच्या आत लेखी तक्रार निघाली पाहिजे. ती निघाली नाही, तर कंपनीने लबाडी केल्याचं दाखवल्याशिवाय पुढे दावा उभाच राहत नाही. त्यामुळे काचपट्टी, बाकी वाद नंतर घाला. आज दोन ओळींची लेखी तक्रार एअरवे बिलाच्या क्रमांकासह ईमेलने पाठवा आणि पोच सांभाळून ठेवा. रक्कम नंतर कळवली तरी चालते. फोनवर किंवा चॅटवर दिलेला "तिकीट क्रमांक" लेखी तक्रारीच्या जागी धरून चालू नका.

ट्रकचा मुद्दा: कंपनीशी ठरलेल्या त्याच विमानवाहतुकीच्या व्यवहारात माल चढवायला किंवा घरपोच द्यायला ट्रक वापरला असेल, तर नुकसान विमानवाहतुकीतच झालं असं मानलं जातं. तसं नव्हतं हे दाखवण्याचं काम ज्याला तसं म्हणायचंय त्याचं. अर्थात निघण्याचा आणि पोहोचण्याचा, दोन्ही देश मॉन्ट्रियल करारात हवेत.

आता वजन. मर्यादा किलोमागे २६ एसडीआर आहे (२८ डिसेंबर २०२४ पासून, त्याआधी २२ होती). कंपनीने ३ गुणिले २६ करून ७८ काढले. एरवी मार लागलेल्या खोक्याचंच वजन धरतात, हे खरं. पण कलम २२ मध्येच पुढे लिहिलंय की एका खोक्यातल्या नुकसानीमुळे त्याच एअरवे बिलावरच्या दुसऱ्या खोक्यातल्या मालाची किंमत घटत असेल, तर त्या खोक्याचंही वजन धरायचं. हेडशिवाय तुमचं ९ किलोचं बूड काय कामाचं? म्हणून १२ गुणिले २६, म्हणजे ३१२.

पाऊलवाट:
माझी पुस्तकं पोस्टाने आली, आणि तीही फार उशिरा. मग मलाही किलोमागे २६ मिळतील का? पुस्तकं धड आहेत, पण ज्या कार्यक्रमासाठी मागवली तो होऊन गेला.

ओझेवाला:
पाऊलवाट, टपालाला हा करार लागू नाही, तिथे टपालखात्याचे वेगळे नियम चालतात. कुरिअरने विमानाने आली असती तर उशिराच्या तक्रारीला २१ दिवस होते, तेही उशिरामुळे नेमकं किती नुकसान झालं ते दाखवून.

रेखांश:
काचपट्टी, एअरवे बिलावर खोक्यांची संख्या आणि एकूण वजन काय छापलंय ते बघा. काही कंपन्या प्रत्येक खोक्याला वेगळा ट्रॅकिंग क्रमांक देतात आणि मग "या दोन स्वतंत्र शिपमेंट आहेत" म्हणतात. आणि बिलात आकारमानावरून काढलेलं वजन असेल तर ते घेऊन बसू नका, काट्यावरचं वजन घ्या. जाहीर मूल्याचा रकानाही बघा. कस्टम्ससाठी ५२० लिहिलंय म्हणजे तेवढी भरपाई मिळेल, असा बऱ्याच जणांचा समज असतो. वाहतुकीसाठीचं मूल्य वेगळ्या रकान्यात लिहून त्याचे जादा पैसे भरले असतील तरच मर्यादा वर जाते.

काचपट्टी:
दोन ओळींची तक्रार पाठवली, पोच आली. बिलावर "२ नग, १२ किलो" आहे. खाली १६ किलो आकारमानाचं वजन आहे, त्यावर भाडं लावलंय. कस्टम्सच्या रकान्यात ५२०, वाहतुकीच्या रकान्यात एनव्हीडी.

ओझेवाला:
एनव्हीडी म्हणजे मूल्य जाहीर केलेलं नाही, त्यामुळे तुमची कमाल मर्यादा ३१२. ही मर्यादा हलगर्जीपणा सिद्ध करूनही ओलांडता येत नाही. मालाच्या बाबतीत हा करार फार कडक आहे. उलट बाजूने, कंपनीने आपल्या अटींत याहून कमी रक्कम छापली असेल तर ती अट रद्द ठरते.

आता तुमची मागणी. पूर्ण ५२० मागू नका. वस्तू दुरुस्त होण्यासारखी असेल तर नुकसान म्हणजे दुरुस्तीचा खर्च. जास्त मागितलं की दावा हाताळणारा माणूस तुमचा प्रत्येक आकडा संशयाने वाचतो, हे मी टेबलाच्या त्या बाजूला बसून पाहिलंय. मनस्तापाची ओळ काढून टाका, प्रत्यक्ष नुकसानीपलीकडची भरपाई हा करार देत नाही. तंत्रज्ञाकडून लेखी अंदाजपत्रक घ्या. त्यात बिघाड आघातामुळे झालाय, झिजेमुळे नाही, असं स्पष्ट लिहून घ्या. वापरलेल्या वस्तूत ते वाक्य नसलं तर कंपनी पहिलं बोट तिथेच ठेवते.

तक्रार पाठवणाऱ्यानेच करायची हे कंपनीच्या सोयीचं आहे. माल घेणाऱ्यालाही हक्क असतो. तरी विक्रेत्याकडून एका ओळीचं संमतीपत्र जोडा, म्हणजे तेवढी पळवाट बंद होते.

काचपट्टी:
अंदाजपत्रक आलं. ऑब्जेक्टिव्ह बदलायला १५५, हेडमधला प्रिझम बसवून जुळवायला ८५. तपासणीचे १५ दिलेत, पावती आहे. पत्राचा मसुदा असा:

> विषय: एअरवे बिल क्र. … वरील मालाच्या नुकसानीचा दावा
>
> वरील बिलावरील २ नग (एकूण १२ किलो) मला दि. … रोजी मिळाले. ३ किलोच्या नगाचा कोपरा दबलेला होता. आतील बायनॉक्युलर हेड व एक ऑब्जेक्टिव्ह निकामी झाले आहेत. याची लेखी तक्रार मी दि. … रोजी, १४ दिवसांच्या मुदतीत, पाठवली असून तिची पोच सोबत आहे.
>
> दोन्ही नग मिळून एकच उपकरण होते. हेडशिवाय ९ किलोच्या नगातील भाग वापरता येत नाही. म्हणून मॉन्ट्रियल कराराच्या कलम २२ नुसार मर्यादा १२ किलोवर, म्हणजे ३१२ एसडीआर धरावी. आपण देऊ केलेली ७८ एसडीआरची रक्कम मला मान्य नाही.
>
> मागणी: दुरुस्ती २४०, तपासणी १५, भाड्याचा ३ किलोच्या प्रमाणातील भाग २७.५०. एकूण २८२.५० एसडीआर.
>
> सोबत: बिल, एअरवे बिल, उघडण्यापूर्वीचे फोटो, व्हिडिओ, अंदाजपत्रक, पावती, विक्रेत्याचे संमतीपत्र. खोके व पॅकिंग जपून ठेवले आहे, आपल्या प्रतिनिधीने येऊन पाहावे.

रेखांश:
छान उतरलंय. भाड्याची ओळ ठेवा, पण तिच्यावर अडून बसू नका. रस्त्याने होणाऱ्या आंतरराष्ट्रीय वाहतुकीच्या सीएमआर करारात भाडं त्या प्रमाणात परत द्यायचं स्पष्ट लिहिलंय. विमानाच्या करारात तसं वाक्य नाही.

ओझेवाला:
माझ्या मते भाडं मालाच्या पोहोचलेल्या किंमतीतच येतं, म्हणून मागणं रास्त आहे. यावर रेखांशचं आणि माझं एकमत होणार नाही. ऑब्जेक्टिव्ह नवीन धरलाय का? वापरलेल्या उपकरणात नवीन भाग बसवला की "जुन्याच्या जागी नवं" म्हणून कपात सुचवतात. तसाच वापरलेला ऑब्जेक्टिव्ह कितीला मिळतो याचा एक भाव हाताशी ठेवा.

पॅकिंगवरून ते नक्की बोलतील. पॅकिंग सदोष होतं आणि ते त्यांनी केलेलं नव्हतं, हे सिद्ध झालं तर त्यांची सुटका होते, पण सिद्ध त्यांनी करायचं. फोम किती जाड आहे ते मोजपट्टी शेजारी ठेवून फोटोत घ्या.

घाईत_नाही:
आणि ती पांढरी पट्टी? खोकं कस्टम्सने उघडलं असेल तर कंपनी हात वर करेल ना?

ओझेवाला:
हा प्रश्न बरोबर विचारलात. सरकारी यंत्रणेने आयात-निर्यातीच्या तपासणीत जे केलं त्यामुळे नुकसान झालं, असं त्यांनी दाखवलं तर तेवढ्यापुरती जबाबदारी जाते. पण उघडून परत भरताना आतली वस्तू सैल राहिली हे एक, आणि कोपरा दबणं हे दुसरं. दबलेला कोपरा आणि ऑब्जेक्टिव्हची जागा एकाच बाजूला आहे का?

काचपट्टी:
व्हिडिओ पुन्हा पाहिला. ऑब्जेक्टिव्हची डबी दबलेल्या कोपऱ्यालाच टेकलेली आहे. हेड मात्र समोरच्या टोकाला, आणि त्याच्याभोवतीचा फोम बाजूला सरकलेला दिसतो.

ओझेवाला:
मग ऑब्जेक्टिव्हचे १५५ भक्कम आहेत. हेडच्या ८५ वर ते भांडतील आणि त्यात कोण जिंकेल ते मला आज सांगता येणार नाही. ती पट्टी कुणी, कुठे लावली याची नोंद त्यांच्याकडेच असते. पत्रात एक ओळ वाढवून ती नोंद लेखी मागा, आणि उत्तर येईपर्यंत हेड दुरुस्तीला देऊ नका. कोर्टात जायची वेळ आलीच तर माल पोहोचल्यापासून २ वर्षं आहेत.

काचपट्टी:
ओळ वाढवली आणि पत्र पाठवलं. ऑब्जेक्टिव्ह आणि हेड दोन्ही त्याच फोममध्ये, त्याच खोक्यात ठेवलेत. उत्तर आलं की इथेच टाकते.