मदत हवी आहे: अँटेनाच्या टिल्टच्या सूचना मराठीत कशा लिहाव्यात?

सिद्धरामेश्वरनगरी

नमस्कार. सोलापूर, मोहोळ आणि मंगळवेढा भागांतील टॉवरवर चढणाऱ्या पथकांसाठी देखभालीच्या सूचना मराठीत करण्याचे काम माझ्याकडे आहे. जम्पर, कनेक्टर, अर्थिंग, बॅटरी बँक हे शब्द सर्वांच्या तोंडी असल्यामुळे मी ते तसेच ठेवले आहेत. अडचण टिल्टची आहे. पूर्वीच्या एका मराठी पत्रकात मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल आणि एकूण टिल्ट या तिन्हींसाठी ‘झुकाव’ हा एकच शब्द होता. एका ४० मीटर उंचीवरील अँटेनाचा मेकॅनिकल टिल्ट १ अंश आणि इलेक्ट्रिकल ३ अंश, म्हणजे एकूण ४ अंश होता. तो एकूण ६ करायचा होता. पत्रकात मात्र ‘झुकाव ६ अंश ठेवा’ एवढेच लिहिलेले असल्याने पथकाने वरचा ब्रॅकेट ६ अंशांवर नेला आणि एकूण टिल्ट ९ झाला. सपाट जमीन धरल्यास बीमचा मध्य सुमारे ३८० मीटरवर पडायला हवा होता, तो २५० मीटरवर आला, आणि पलीकडच्या वस्तीतून तक्रारी सुरू झाल्या. ‘यांत्रिक झुकाव’ आणि ‘विद्युत झुकाव’ असे लिहिले तर पुरेल का?

भाषाप्रेमी_पुणे

पुरेल, असे मला वाटते. विद्युत झुकाव म्हणजे मोटरने अँटेना झुकवणे आणि यांत्रिक म्हणजे हाताने पाना लावून झुकवणे, हा भेद या दोन विशेषणांतून स्पष्ट होतो. ‘अवनती कोन’ हा शब्द अधिक नेमका ठरेल.

रिगर_बार्शी

मोटर असते हे खरे आहे, पण ती अँटेना हलवत नाही. ती आतले फेज शिफ्टर सरकवते. अँटेना जागची हलत नाही, फक्त तिचा बीम खाली उतरतो. काही अँटेनांना मोटर नसते. तेथे तळाशी असलेली अंश लिहिलेली दांडी हाताने फिरवावी लागते, आणि तरीही तो इलेक्ट्रिकल टिल्टच असतो. त्यामुळे हात आणि मोटर या भेदावर शब्द बेतू नका. शिवाय ‘विद्युत’ वाचल्यावर नवा मुलगा सप्लाय बंद करायचा आहे का, असे विचारतो. आमच्याकडे सगळे ‘एम टिल्ट’ आणि ‘ई टिल्ट’ म्हणतात, तेच लिहावे.

नाव बरोबर लिहिल्यावरही ‘टिल्ट वाढवा’ ही सूचना अपुरी आहे, कारण वाढवणे म्हणजे वर करणे असे ऐकणारे पुष्कळ असतात. एम टिल्टसाठी हालचाल लिहा: ‘अँटेनाचे वरचे टोक खांबापासून पुढे सरकवा.’ आकडा ब्रॅकेटवरील खुणांवरून घेऊ देऊ नका. खांबच कललेला असेल तर त्या खुणा फसवतात, म्हणून टिल्ट मीटर अँटेनाच्या पाठीला लावून वाचायला सांगा.

तुमच्या उदाहरणात एम टिल्ट १ वरच ठेवून ई टिल्ट ५ करायचा होता. एकाच अँटेनात अनेक बँड असतील तर ई टिल्ट प्रत्येकाचा वेगळा बदलता येतो, पण ब्रॅकेट हलवला की सगळे बँड एकदम झुकतात. एम टिल्टने समोरचा बीम खाली जातो, बाजूंना फारसा फरक पडत नाही आणि मागचा वर उचलला जातो. म्हणून एकाच्या जागी दुसरा करून बेरीज जुळवली, तरी परिणाम तोच येत नाही.

शेतकरी_मोहोळ

आमच्या गावचा टॉवर पावसानंतर दोन-दोन दिवस नीट चालत नाही. त्यालाही टिल्टच कारण असेल का? कोणाकडे तक्रार करावी?

रिगर_बार्शी

दादा, पावसाशी जोडलेली तक्रार बहुतेक कनेक्टरमध्ये शिरलेल्या पाण्याची असते. टिल्ट पावसाने बदलत नाही. तुमच्या कंपनीच्या ग्राहक सेवेकडे नोंद करताना पावसाचा उल्लेख अवश्य करा.

अक्कलकोटकर

आमच्या पथकातील निम्मी मंडळी घरी कन्नड बोलतात आणि मराठी सावकाश वाचतात. एका वाक्यात एकच आकडा द्यावा, ही विनंती. ‘एकूण टिल्ट’ पत्रकात मुळीच नसावा. तो कार्यालयाने पाहावा.

रिगर_बार्शी

हे मला पटत नाही. एकूण आकडा दिसला तर वर चढलेल्या माणसाला बेरीज ताडून पाहता येते.

सिद्धरामेश्वरनगरी

सर्वांचे आभार. सध्या असे लिहितो: ‘ब्रॅकेट हलवू नका. एम टिल्ट १ अंश आहे, याची टिल्ट मीटरने खात्री करा. तळाची दांडी फिरवून ई टिल्ट ५ अंशांवर आणा. दांडीवरील आकड्याचा फोटो पाठवा.’ मोटर असलेल्या अँटेनांसाठी वेगळे पत्रक करतो. एकूण टिल्ट कार्यालयाच्या प्रतीत ठेवावा की पथकाच्याही, याबद्दल मात्र प्रत्यक्ष टॉवरवर काम करणाऱ्या आणखी कोणी लिहिले तर बरे होईल.